डाउटची वही आणि शनिवारचा पाऊण तास

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘रोटेशनल डायनॅमिक्स’चा आहे, आणि त्यात वळणावरच्या कलत्या रस्त्याचं गणित येतं. घाटातल्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड मुद्दाम थोडी उंच बांधलेली असते, म्हणजे गाडी वेगात वळली तरी बाहेर फेकली जात नाही. या गणितात घर्षण नाही असं धरलं, तर रस्ता गाडीला जो आधार देतो तो रस्त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात असतो. त्या आधाराला पुस्तक N म्हणतं, रस्त्याच्या कलाला θ म्हणतं आणि लिहितं: N cosθ = mg. इथे mg म्हणजे गाडीचं वजन.

आता याच मुलांनी वर्षभर आधी, अकरावीत, उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याची ढीगभर गणितं केलेली असतात. तिथेही उतार असतो, तिथेही आधार पृष्ठभागाला काटकोनातच असतो, आणि तिथे सूत्र पाठ झालेलं असतं: N = mg cosθ. दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून पाहा. पहिल्याप्रमाणे आधार वजनापेक्षा जास्त निघतो, दुसऱ्याप्रमाणे कमी. उतार तोच, वजन तेच, घर्षण दोन्हीकडे नाही. मग असं का?

हा डाउट जवळजवळ प्रत्येक विचार करणाऱ्या मुलाला येतो. वाचताना क्षणभर कुठेतरी खटकतं, पेन्सिल समासात एक प्रश्नचिन्ह काढते आणि डोळे पुढच्या ओळीवर जातात. पुढच्या ओळीत उत्तर तयारच असतं, ते पटतंही. आठवड्याने पान उघडलं तर प्रश्नचिन्ह जागेवर असतं, पण नेमकं काय खटकलं होतं ते आठवत नाही. गणित सुटतं, कारण सूत्र पाठ आहे. सीईटीत किंवा जेईईत जरा वेगळा प्रश्न आला, की मुलगा दोन सूत्रांतलं एक अंदाजाने उचलतो.

शंका इतकी झटकन विरते याचं कारण साधं आहे. जे आपल्या समजुतीशी जुळत नाही, ते मन ठेवून घेत नाही. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा मनात आली, की तो ती ताबडतोब टिपून ठेवायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. विद्यार्थ्याचा डाउट त्याच जातीचा असतो. तो ‘नंतर लिहू’ या वर्गात टाकता येत नाही. खटकलं त्याच मिनिटाला तो कागदावर उतरावा लागतो. म्हणून डाउटसाठी एक वेगळी वही लागते, आणि ती गणित सोडवताना हाताशी उघडी असावी लागते. दप्तरात ठेवलेल्या वहीचा इथे काही उपयोग नाही.

वही कसली घ्यायची यात फार रस घेऊ नये. शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर शंका लिहायची आणि उजवं पान कोरं सोडायचं, एवढी एकच शिस्त. रंगीत पेनांनी सजवलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत शंका कमी आणि मथळे जास्त असतात.

खरा प्रश्न आहे तो शंका लिहायची कशी याचा. बहुतेक वह्यांत पहिल्या पानावर अशा नोंदी सापडतात: ‘बँकिंग कळलं नाही’, ‘प्रश्न १४’, ‘फ्रिक्शन रिव्हाइज करणे’. यांतली एकही शंका नाही. ‘बँकिंग कळलं नाही’ असं वाक्य सरांपुढे ठेवलं तर सर काय करतील? सगळं बँकिंग पुन्हा शिकवतील. त्यातला नव्वद टक्के भाग मुलीला आधीच येत असेल आणि जो दहा टक्के येत नाही, तो नेमका त्यांच्या नजरेतून सुटेल, कारण त्यांच्यासाठी तिथे अडण्यासारखं काही नसतंच.

नोंद उपयोगाची व्हायला तिच्यात चार गोष्टी याव्या लागतात: ही शंका कुठे आली, मी तोवर काय केलं, काय होईल असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. समजा, बारावीतल्या एका मुलीने आपल्या वरच्या उदाहरणाची नोंद केली, तर ती साधारण अशी होईल: ‘धडा १, कलता रस्ता. मी उताराच्या काटकोनात बलं समान धरली, कारण ठोकळ्याच्या गणितात तसंच करतो. मला N = mg cosθ मिळालं. पुस्तकाने उभ्या दिशेत बलं समान धरली आणि N cosθ = mg लिहिलं. माझी पद्धत इथे का चालत नाही?’ खाली तारीख.

शेवटचं वाक्य पाहा. ते प्रश्नचिन्हाने संपणारं पूर्ण वाक्य आहे आणि त्याचं उत्तर एका दमात देता येईल इतकं ते नेमकं आहे. असं वाक्य लिहायला चार-पाच मिनिटं जातात, आणि मुलांची तक्रार तीच असते की एवढा वेळ लिहिण्यात घालवण्यापेक्षा पुढचं गणित झालं असतं. पण अर्धं काम याच चार मिनिटांत होतं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या दोन संशोधकांचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. चेन, कुलूप, कमोडचा फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याला त्यांनी लोकांना आधी गुण द्यायला सांगितलं. मग ती वस्तू कशी चालते ते पायरीपायरीने लिहायला लावलं आणि पुन्हा गुण मागितले. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःला दिलेले गुण खाली आले. आपल्याला कळलंय असं वाटणं आणि कळलेलं असणं यांतलं अंतर लिहायला बसल्यावरच दिसतं. डाउटच्या वहीत ते अंतर परीक्षेच्या आधी दिसतं, एवढाच फरक.

उलटही घडतं. नोंद लिहिता लिहिता काही शंका जागीच सुटतात. ‘मी इथे कोन उभ्या रेषेशी मोजला आणि पुस्तकाने आडव्या रेषेशी’ असं वाक्य अर्धं लिहून होतं तोच हात थांबतो. अशी नोंद खोडायची नाही. तिच्यावर एक तिरकी रेघ मारून समोरच्या पानावर ‘कोन कशाशी मोजला ते आधी बघणे’ एवढं लिहून ठेवायचं. आणि ज्या नोंदी उरतात, त्यांना एकदा तरी स्वतःहून पुन्हा भेटायचं. दोन दिवसांनी, ताज्या डोक्याने, दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतरही जी शंका तशीच उभी आहे, तिला गोल करायचा. गोल केलेल्या शंकाच दुसऱ्या माणसाकडे न्यायच्या. हा मधला टप्पा गाळला तर वही म्हणजे आळसाची सोय होते. जे थोड्या कष्टाने सुटलं असतं तेही सरांच्या माथी जातं.

या टप्प्यावर मोबाइल आडवा येतो. रात्री अकराला गणिताचा फोटो काढायचा, ‘सर हे कसं?’ लिहून पाठवायचं आणि झोपायचं. सकाळी सरांनी कागदावर सोडवलेल्या उत्तराचा फोटो आलेला असतो. मुलगा तो पाहतो, मान डोलावतो, अंगठा पाठवतो. यात सरांना मुलगा कुठे अडला ते कळलं नाही आणि मुलालाही कळलं नाही. उत्तर तर पुस्तकाच्या मागेही होतं.

म्हणून भेटीची वेळ. ती ठरलेली असावी, आठवड्यातून एकदा असावी, आणि दोन्ही बाजूंना माहीत असावी. अनेक क्लासेसमध्ये आता ‘डाउट सेशन’ किंवा ‘डाउट काउंटर’ असतो आणि तो चांगलाच आहे. पण त्याची एक अडचण मुलंच सांगतात. तास संपला की सरांच्या टेबलाभोवती कोंडाळं होतं. पुढे घुसणारी पाच-सहा मुलं तीच असतात. मागच्याला वाटतं, आपला प्रश्न फालतू असेल. तो वही मिटतो आणि बस पकडतो. वेळ ठरलेली असली की धीटपणाची गरज उरत नाही. शनिवारी साडेपाच ते सव्वासहा हा पाऊण तास आपलाच आहे, तो कोणाकडून मागून घ्यायचा नाही.

आठवड्याचंच अंतर का? रोज विचारायची सोय असली की मूल जरा अडलं तरी उठतं. अडून बसण्याची, तिथेच दहा मिनिटं खटपट करण्याची सवयच लागत नाही, आणि फिजिक्समध्ये ती खटपट हाच निम्मा अभ्यास आहे. उलट महिन्याने विचारायचं ठरवलं तर उशीर होतो, कारण पुढचा भाग मागच्यावर उभा असतो. याच पहिल्या धड्यात कलत्या रस्त्यानंतर लगेच शंकूलंबक येतो, मग उभ्या वर्तुळातली गती. बँकिंगमधली गाठ सुटली नाही, तर तीच गाठ तीन ठिकाणी पडते. आठवड्यात साधारण एक विषय पुढे सरकतो, गोल केलेल्या चार ते सहा शंका जमतात आणि पाऊण तासात तेवढ्याच नीट होतात. एका शंकेला सात-आठ मिनिटं हा हिशेब धरावा.

सरांकडे वेळ मागताना मुलं संकोचतात. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे यादी आदल्या दिवशी देणं. शुक्रवारी संध्याकाळी चार-पाच वाक्यं पाठवली, की सरांना दोन गोष्टी कळतात: किती वेळ लागेल, आणि मूल काम करून आलंय. बहुतेक शिक्षक अशा मुलाला नाही म्हणत नाहीत. अनेकदा यादी वाचूनच ते ओळखतात की दुसरी आणि चौथी शंका एकच आहे.

आता ही भेट प्रत्यक्ष कशी होते ते आपल्या उदाहरणावरून पाहू. सगळ्यात महत्त्वाचा नियम पेन्सिलीचा आहे. ती मुलीच्या हातात राहायला हवी. सरांनी कागद ओढून भराभर गणित सोडवलं तर ते छान दिसतं, आणि घरी गेल्यावर काहीच उरत नाही. चांगला शिक्षक प्रश्न विचारतो आणि आकृती तिला काढायला लावतो.

“सर, उतार तोच, वजन तेच. मग ठोकळ्याला आधार वजनापेक्षा कमी आणि गाडीला जास्त, असं कसं?”

“आधी आकडे घालून बघ. गाडी हजार किलोची घे, g दहा धर, कोन तीस अंश. ठोकळाही हजार किलोचाच.”

ती मांडते. वजन दहा हजार न्यूटन. ठोकळ्याला आधार ८६६० न्यूटन, गाडीला सुमारे ११,५४७. फरक जवळजवळ तीन हजारांचा. आता तो डोळ्यांत भरतो.

“आता सांग, ठोकळा कुठे निघालाय?”

“उतारावरून खाली.”

“उताराच्या काटकोनात तो हलतो का? पृष्ठभागात घुसतो, किंवा वर उडतो?”

“नाही.”

“म्हणून त्या दिशेला बलं समान. त्यातूनच mg cosθ आलं. आता गाडी. गाडी उतारावरून खाली घसरतेय का?”

“नाही सर, ती वळतेय.”

“मग तिचं त्वरण कुठल्या दिशेला?”

“वर्तुळाच्या मध्याकडे. म्हणजे... आडवं.”

“आडवं त्वरण आहे, तर शून्य त्वरण कुठल्या दिशेला?”

“उभ्या. हां, म्हणून उभ्या दिशेत समान धरलं.”

इथे बरेच शिक्षक थांबतात आणि बरीच मुलं ‘कळलं’ म्हणतात. पण तिच्या नोंदीतला प्रश्न अजून सुटलेला नाही. तिने विचारलं होतं, माझी पद्धत का चालत नाही? म्हणून सर पुढे विचारतात: “तू उताराच्या काटकोनातच बलं मांड ना. कोणी नाही म्हटलंय? फक्त त्या दिशेला त्वरण शून्य आहे का ते बघ.” ती आकृतीत आडवा बाण काढते. आडव्या बाणाचा एक तुकडा उताराच्या दिशेत पडतो आणि एक काटकोनात. म्हणजे गाडीला काटकोनाच्या दिशेतही त्वरण आहे! तेवढं त्वरण द्यायला आधाराला जास्तीचं बल लावावं लागतं. ते किती? गाडीचं आडवं त्वरण g tanθ, म्हणजे ५.७७. त्याचा काटकोनातला भाग त्याच्या निम्मा, सुमारे २.८९. हजार किलोने गुणलं की २८८७ न्यूटन. आणि ८६६० अधिक २८८७ बरोबर ११,५४७. तिची पद्धत चालली. चूक पद्धतीत नव्हती. गाडीलाही त्या दिशेत त्वरण नाही असं तिने ठोकळ्याच्या सवयीने गृहीत धरलं होतं, चूक तिथे होती.

या शेवटच्या दोन मिनिटांत जे हाती येतं ते कुठल्याही तयार उत्तरात नसतं. तयार उत्तर बरोबर रस्ता दाखवतं. आपला रस्ता नेमका कुठे वाकडा झाला, हे त्याला ठाऊक नसतं. आणि तो वाकडेपणा सापडला नाही तर तो पुढच्या गणितात पुन्हा येतो. नोंदीत ‘मी काय केलं’ हे लिहायचा आग्रह यासाठीच.

भेट संपली म्हणजे शंका मिटली असं मात्र नाही. त्याच संध्याकाळी उजव्या कोऱ्या पानावर उत्तर स्वतःच्या शब्दांत उतरवायचं, दोन-तीन ओळींत. आपल्या मुलीने लिहिलं: ‘उतार दिसला की लगेच तुकडे करायचे नाहीत. आधी त्वरण कुठे आहे ते ठरवायचं. ज्या दिशेला त्वरण नाही, तिथेच बलं समान.’ मग सोमवार-मंगळवारी, वही मिटून, तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा. आणि शक्य असेल तर त्याच गाठीचं पण वेगळ्या वेषातलं दुसरं गणित. ते दोन्ही झालं, तरच नोंदीवर पूर्ण फुली. जमलं नाही तर शंका गोलासकट पुढच्या शनिवारी जाते. यात कमीपणा काही नाही. सरांसमोर बसून कळलेलं दोन दिवसांत निसटणं हे रोजचंच आहे.

याच ठिकाणी वहीचा एक न मागितलेला फायदा दिसतो. समजा, तिच्या वहीत महिनाभर आधीची एक नोंद पडून आहे: ‘साध्या लंबकाच्या टोकाच्या स्थितीत दोरीतला ताण T = mg cosθ, पण शंकूलंबकात T cosθ = mg. दोरी तेवढीच तिरकी, गोळा तोच. मग वेगळं का?’ कलत्या रस्त्याचं उत्तर लिहून झाल्यावर तिने ती वाचली, तर ती आपली आपणच सोडवेल. टोकाला साधा लंबक क्षणभर थांबलेला असतो, दोरीच्या दिशेने त्वरण नाही, म्हणून त्या दिशेत बलं समान. शंकूलंबकाचा गोळा आडव्या वर्तुळात फिरतो, म्हणून उभ्या दिशेत समान. आधार गेला आणि दोरी आली, बाकी गोष्ट तीच. दोन धड्यांतल्या, दोन महिन्यांतल्या दोन शंका एकाच मुळाच्या निघाल्या. त्या एकाच वहीत ओळीने नसत्या, तर हे कोणाच्या ध्यानात आलं असतं? म्हणून महिन्यातून एकदा जुन्या नोंदी चाळाव्यात. वेगवेगळ्या धड्यांवरच्या वाटणाऱ्या वीस शंकांची मुळं बहुधा चार-पाचच असतात.

सगळ्यांनाच सरांचा वेळ मिळत नाही. गावातून तालुक्याला येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलाला शेवटची एसटी गाठायची असते. तिथे मित्र किंवा मैत्रीण चालते का? चालते, आणि काही शंकांसाठी सरांपेक्षा बरी चालते. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९०च्या दशकात आपले तास याच पायावर नव्याने बांधले. प्रश्न द्यायचा, मुलांना आधी एकट्याने उत्तर निवडायला लावायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं, आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळलेली असते, त्याला ती न कळणं कसं असतं हे अजून आठवत असतं. प्राध्यापक ते कधीच विसरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. बँकिंगच्या शंकेत मैत्रीण चटकन म्हणेल, ‘अगं, मीपण आधी तसंच केलं होतं’, आणि निम्मी गाठ तिथेच सैल होईल.

पण मित्राबरोबरची भेट सांभाळायला दोन नियम लागतात. एक, वेळ दोघांत वाटून घ्यायची. नाहीतर एक जण कायमचा शिक्षक होतो आणि महिन्याभरात कंटाळतो. दोन, एखाद्या शंकेवर दोघांचाही आवाज ‘बहुतेक’, ‘असंच असेल’ असा येऊ लागला, की दहा मिनिटांत ती बाजूला ठेवायची आणि सरांच्या यादीत टाकायची. दोघांनी मिळून ठाम केलेली चुकीची समजूत एकट्याच्या चुकीपेक्षा चिवट असते, कारण तिला साक्षीदार मिळालेला असतो. उत्तर पुस्तकाशी जुळलं एवढ्यावरही विसंबू नये. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर येणं फिजिक्समध्ये नेहमीचंच.

हे सगळं बिघडतं कसं, तेही ओळखता आलं पाहिजे. पहिलं चिन्ह म्हणजे कोरी वही. ‘या आठवड्यात काही डाउटच नाही सर’ असं मूल आनंदाने सांगतं, तेव्हा त्याने गणितं सोडवली की सोडवलेली वाचली, एवढंच विचारावं. सोडवलेलं गणित वाचताना शंका येत नाहीत. प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून सरळ निघालेली दिसते. शंका येतात त्या पुस्तक झाकून पहिली ओळ लिहायला बसल्यावर. म्हणून कोऱ्या वहीवर उपाय म्हणजे न पाहिलेली दहा गणितं घेऊन बसणं. आणि शनिवारची वेळ तरीही पाळायची: त्या दिवशी मुलाने सरांना एक गणित समजावून सांगायचं. बहुधा पाचव्या मिनिटाला शंका निघतेच.

दुसरं चिन्ह उलटं आहे. यादी फुगत जाते, गोल केलेल्या तीस शंका होतात, आणि वहीकडे बघवत नाही. तेव्हा सगळ्या पार पाडायचा हट्ट सोडावा. कुठली शंका पुढच्या धड्याची वाट अडवते तेवढी बघायची आणि ती आधी न्यायची. एखाद्या विचित्र गणितातली एखादी आडनीड पायरी महिनाभर थांबू शकते. त्वरणाची दिशा कशी ठरवायची हा प्रश्न थांबू शकत नाही. ‘माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही’ एवढ्याच शंका असतील तर आधी मित्राचं उत्तर पाहावं. सराव संचांच्या उत्तरसूचीत छापाच्या चुका असतात, आणि त्यापायी सरांच्या वेळातली दहा मिनिटं घालवणं महाग पडतं.

तिसरं चिन्ह पालकांना आणि शिक्षकांना दिसू शकतं: भेटीनंतर मुलाच्या कागदावर सरांचं अक्षर जास्त आहे. त्या दिवशी शिकवणी झाली, शंका मिटली नाही.

या पद्धतीची हद्दही सांगायला हवी. पूर्ण धडाच चुकला असेल, आजारपणात दोन आठवडे गेले असतील, तर शंकांची वही उपयोगी नाही. शंका यायला थोडं तरी कळलेलं असावं लागतं. अशा वेळी धडा आधी कोणाकडून सलग शिकून घ्यावा, मग वही उघडावी. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नवी मुळं खणत बसू नये. तेव्हा नवे डाउट बंद, फक्त उजवी पानं वाचायची. वर्षभर भरलेली उजवी पानं ही त्या मुलाची स्वतःची नोट्स असतात आणि त्यांत नेमकं तेच असतं जिथे तो घसरतो. बाजारातल्या कुठल्याच गाइडमध्ये ते मिळणार नाही.

ही वही फक्त बारावीसाठी नाही, हे रिचर्ड फाइनमनच्या उदाहरणावरून कळतं. प्रिन्स्टनच्या तोंडी परीक्षेची तयारी करताना त्याने एक नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर मथळा दिला, ‘मला माहीत नसलेल्या गोष्टींची वही’.

शिक्षकांना आणि क्लासचालकांना एक विनंती. वेळापत्रकात आठवड्याचा पाऊण तास डाउटसाठी छापून टाका, त्यात नवा भाग शिकवू नका, आणि आदल्या दिवशी लेखी शंका देणाऱ्यांना आधी घ्या. आणि मुलांनो, सरांनी वेळ दिली तर यादी शुक्रवारीच पोचवा, वहीत ‘मी काय केलं’ ही ओळ लिहून.